बॉडी नाही, विक नाही

शनिवार पेठेतल्या एका शेअर दलालाच्या ऑफिसात मी नोकरी करते. त्यामुळे कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत प्रत्येकाला माझा फुकट सल्ला हवा असतो, ऐकायचा मात्र नसतो. वरच्या मजल्यावरचे काका तसे नव्हते. गणिताचे निवृत्त शिक्षक, आयुष्यभर फक्त बँकेच्या ठेवी. एका रविवारी मोबाइलवर एका शेअरच्या भावाच्या चार्टचा स्क्रीनशॉट घेऊन ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, आधी वाचायला शिकव.

मी शिकवलं. चार्टवरची मेणबत्तीसारखी एकेक उभी खूण ती कँडल, एक कँडल म्हणजे एक दिवस. जाड भाग ती बॉडी, तिच्या एका टोकाला सुरुवातीचा भाव, दुसऱ्या टोकाला बंद होतानाचा. सुरुवातीपेक्षा वर बंद झाला तर हिरवी, खाली झाला तर लाल. वर-खाली निघालेल्या बारीक रेघा म्हणजे विक, दिवसभरातला सर्वांत चढा आणि सर्वांत उतरता भाव तिथे कळतो.

काकांना पटकन समजलं. मधल्या एका लाल कँडलवर बोट ठेवून तेच म्हणाले, बॉडी एवढीशी आणि वरची विक लांब, म्हणजे भाव चढला पण टिकला नाही. मग ओशाळून सांगितलं, की त्या टोकालाच त्यांनी शेअर घेतला होता. मोबाइलवरच्या कुठल्याशा ग्रुपने सुचवला म्हणून, काकूंच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठीची ठेव मोडून, त्यांना न सांगता. सगळी ठेव. मला इतका राग आला, की मी चहाचे कप उचलून आत नेले.

परत आले तर ते उजवीकडच्या कडेला, अगदी अलीकडच्या दिवसांवर, झूम करून बसले होते.

"हे बघ. बॉडी नाही, विक नाही, नुसत्या आडव्या रेघा. विक नाही म्हणजे ओढाताण नाही. शेअर आता शांत झालाय, हो ना?"

माझाच धडा ते मला म्हणून दाखवत होते. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या खाली होती. सांगणं भाग होतं. भाव एका दिवसात किती पडू शकतो याला मर्यादा असते. हा शेअर सकाळी उघडतानाच त्या मर्यादेवर येतो आणि दिवसभर तिथेच अडकतो. सुरुवात, शेवट, वर, खाली, सगळा एकच भाव, म्हणून नुसती रेघ. रंगालाही अर्थ उरत नाही.

"हॉस्पिटलात पैसे भरायला थोडे शेअर विकायला लावतोय रोज," काका हळूच म्हणाले. "संध्याकाळी ऑर्डर रद्द होते. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

"तुमचं चुकत नाहीये काका. घेणाराच कोणी नाहीये."

मला त्यांची भयंकर दया आली, आणि त्या ग्रुपवाल्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तेवढ्यात काकू दारात आल्या. लिफ्ट नाही, एकेक पायरी तिरक्या होऊन उतरल्या होत्या. स्टुलावर बसून दम घेतला, मग म्हणाल्या, "अहो, हॉस्पिटलातून फोन आलाय. पुढच्या महिन्यातली तारीख घेऊ ना?"

काकांनी मोबाइल खिशात ठेवला.

"घे," ते म्हणाले, आणि जिना चढायला त्यांनी काकूंना हात दिला.