वर्तमानकाळातला खून

तुलाराम माझ्याच सेक्शनचा. जवाहरनगरच्या फॅक्टरीत दिवसभर पेट्या मोजायचा आणि सुट्टीच्या दिवशी रहस्यकथा लिहायचा. अठ्ठ्याहत्तर साली नागपूरच्या एका प्रकाशकानं त्याचं पहिलं प्रकरण वाचून अख्खी कादंबरी मागवली. माझ्या दोन कादंबऱ्या त्याच माणसानं परत धाडल्या होत्या. खोटं कशाला बोलू, जळलो मी.

रोज सकाळी भंडाऱ्याहून निघालेल्या फॅक्टरीच्या बसमध्ये तुलाराम थोडंथोडं वाचून दाखवायचा. गोष्ट एक कंपाउंडर सांगतो, सगळं घडून गेल्यावर. 'त्या संध्याकाळी मी गिरजाबाईला दवाखान्यात एकटं सोडलं. पुन्हा ती मला जिवंत दिसली नाही.' पुढची कितीतरी पानं गिरजाबाई हसत-बोलत असायची, आणि आम्हाला ठाऊक, ही मरणार. बसमध्ये कोणी खोकायचं नाही. मीही खिडकीबाहेर बघायचं विसरायचो.

एके दिवशी कंपाउंडरच्या गळ्याला सुरी लागली आणि मी मोठ्यानं म्हटलं, "कायले भेव दावतं बे? हा मेला असता तं सांगून कोन राह्यला असता?"

सगळी बस खो खो हसली. तुलारामचं तोंड एवढंसं झालं. "मंग काय करू, आनंदराव?"

"वर्तमानकाळात लिही. सुरी लागते, मी मागं सरकतो. पुढं काय होते, ते त्यालेही माहीत नाही अन् वाचनाऱ्यालेही नाही."

सल्ला खोटा नव्हता, हीच तर गंमत. सुरीचा प्रसंग त्यानं तसा लिहून आणला, तर बस फाटकाशी थांबली तरी कोणी उठेना. पण पुढचं मला दिसत होतं. आत्ताचं सांगणाऱ्याला उद्याचं कुठून कळणार? मरणाची आधीच चाहूल देणारी ती सगळी वाक्यं गळणार होती. मी तोंड उघडलं नाही. त्यानं सगळी कादंबरी नव्यानं लिहून नागपूरला पाठवली आणि जुनी वही मला दिली. "तुमच्यामुळंच सुधरली, ठेवा."

प्रकाशकाचं पत्र आलं: 'मारामारी रंगली, पण ज्या धास्तीसाठी पुस्तक मागवलं तीच गेली. आता गिरजाबाई चहा पिते, तर नुसता चहाच पिते. आधीचं हस्तलिखित पंधरा दिवसांत पाठवा, नाहीतर विषय संपला.'

तुलाराम सायकल हाणत माझ्या घरी आला. "जुनी वही द्या."

वही माझ्या पेटीत होती. "अरे बापा, ते तं बंबात जाळली! मले वाटलं, आता कामाची नाही."

पंधरा दिवस तो रडकुंडीला येऊन 'येते'चं 'आली' करत बसला. गळालेली वाक्यं काही परत सुचली नाहीत. मग त्यानं लिहिणंच सोडलं.

चौऱ्याऐंशी साली ती जुनी वही दुसऱ्या प्रकाशकाकडून माझ्या नावानं छापून आली. पहिली प्रत मी त्यालाच नेऊन दिली. "पाह्य," म्हटलं, "भूतकाळच बरा होता."

त्यानं उभ्या उभ्या पहिलं पान वाचलं, पुस्तक माझ्या हातात परत दिलं आणि पेट्या मोजायला गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.