लॉगिनसाठी पंधरा मिनिटं

तंत्रनिकेतनात ती तासिका तत्त्वावर शिकवायची. मुलं तिला मॅडम म्हणत, कायमस्वरूपी प्राध्यापक मात्र 'तासिकावाली' म्हणून ओळखत. विभागप्रमुखांनी जाता जाता सांगितलं, "क्लाउडवर दोन दिवसांची कार्यशाळा घ्या. खर्चाला छदाम नाही, सगळं फुकटातलं शोधा." तिला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदाच कुणी तिच्यावर काही सोपवलं होतं.

तीन आठवडे ती पाठयोजनेला चिकटून बसली. पहिल्या दिवशी ब्राउझरमध्येच चालणारं फुकट नोटबुक: कोड आपण लिहायचा, चालवायचा मात्र दूरच्या कुणाच्या तरी मशीनने. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने स्वतःचं एक वेबपान फुकट होस्टिंगवर, म्हणजे इंटरनेटवर जागा देणाऱ्या सेवेवर, चढवायचं. आणि शेवटी तिची लाडकी पायरी: सगळ्यांनी आपापलं मशीन बंद करायचं, शेजारच्या लॅबमध्ये जायचं आणि आपलं पान तिथेही उघडतंय हे बघायचं. क्लाउड म्हणजे काय, हे तेव्हा डोक्यात लख्ख शिरेल, अशी तिची खात्री होती. प्रत्येक पायरी तिने घरच्या लॅपटॉपवर दोन-दोनदा करून पाहिली होती.

पहिल्या दिवशी बत्तीस मुलं आली. योजनेत लिहिलं होतं, 'लॉगिन – पंधरा मिनिटं'. मुलांनी आपापले ईमेल टाकले, पासवर्ड टाकले आणि सगळ्या पडद्यांवर एकच वाक्य उमटलं: नवीन मशीन दिसते आहे, तुमच्या फोनवर खात्री करा.

मुलांचे फोन फाटकावर जमा. आत फोन आणायचा नाही, असा प्राचार्यांचा नियम. घरच्या लॅपटॉपला तिची ओळख होती, त्यामुळे हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

ती विभागप्रमुखांकडे गेली. "नियम प्राचार्यांचा," ते म्हणाले, "आणि प्राचार्य परवापर्यंत बाहेरगावी आहेत. तुम्ही लेखी अर्ज देऊन ठेवा."

"पण कार्यशाळा उद्या संपते, सर."

"म्हणून तर म्हणतोय, आजच द्या."

शेवटी मुलांसाठी नवी खाती उघडायची ठरली. त्याला फोन नंबर लागत होता. तिने ऑफिसात जमा केलेला आपला फोन रजिस्टरवर सही करून आणला. तीन खाती झाली, चौथ्याला उत्तर आलं: हा नंबर फार वेळा वापरला गेला आहे. तिने वडिलांचा नंबर टाकला आणि त्यांना फोन लावला.

"बाबा, तुम्हाला आत्ता एक सहा आकडी कोड आला असेल. तेवढा सांगा."

वडील म्हणाले, "कोड कुणालाही सांगायचा नाही."

"बाबा, मी आहे."

"आवाज तर तुझाच वाटतोय. पण तूच म्हणाली होतीस, मी मागितला तरी सांगू नका, आजकाल आवाजही खोटा काढतात."

म्हणाली होती खरी. बँकेच्या नावाने त्यांना एकदा फसवायला आले होते, तेव्हा तिने त्यांच्याकडून हे धड्यासारखं पाठ करून घेतलं होतं. बत्तीस मुलं तिच्याकडे बघत होती. वडिलांशी वाद घालून त्यांची ती सवय मोडायची? तिचं मन धजेना.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "ठेवा फोन."

उरलेला दिवस तिने प्रोजेक्टरवर एकटीनेच काढला. नोटबुक चाललं, आकडे आले. मुलांनी बघितलं, वहीत उतरवलंही. पाककृतीच्या पुस्तकाने कुणाचं पोट भरत नाही, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने लॅबमधल्याच एका मशीनला सर्व्हर केलं. पायथनची एक ओळ लिहिली की त्या मशीनवरचं फोल्डर बाकीच्यांना ब्राउझरमधून दिसतं, नुसता त्या मशीनचा पत्ता टाकायचा. मुलांनी पानं बनवली, एकमेकांची उघडली, एकमेकांच्या शुद्धलेखनाची टर उडवली. मग तिने ते मशीन बंद केलं आणि सगळी पानं एकदम गेली.

"मॅडम, हाच क्लाउड का?" मागून एका मुलीने विचारलं.

"नाही. क्लाउडमध्ये हे असं होऊ नये म्हणून दुसरीकडे मशीनं चालूच ठेवतात. मला तेच दाखवायचं होतं."

ज्या तिघांची खाती उघडली होती त्यांची पानं तेवढी खरोखर चढली. सुटल्यावर फाटकापाशी फोन परत मिळाले तशी सगळी मुलं त्या तिघांभोवती जमली. लॅब बंद, मशीनं बंद, तरी पानं उघडत होती. तिने योजनेत लिहिलं होतं तसंच, फक्त बत्तीसांऐवजी तिघांचं.

मघाची मुलगी बाजूला येऊन म्हणाली, "माझं पान कधी होईल, मॅडम? घरी कॉम्प्युटर नाही."

"अर्ज दिलाय," ती म्हणाली.

अहवालात विभागप्रमुखांनी लिहिलं: बत्तीस विद्यार्थी प्रशिक्षित, खर्च शून्य. खाली सहीसाठी तिचं नाव होतं. तिने 'बत्तीस'वर बोट ठेवलं. "सर, तीन."

"हजर किती होते?"

"बत्तीस."

"मग?"

तिने सही केली.