फेटूची सुट्टी

आपिया बंदरात बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात फेटू बारा वर्षं गिऱ्हाइकं सांभाळत होता. बहिणीच्या लग्नासाठी सवाई बेटावर निघताना त्याने ईमेलवर आपोआप जाणारं उत्तर घाईघाईत लावलं: ‘मी इथे काम करत होतो, घाई असेल तर दुसरीकडे बघा.’

गिऱ्हाइकं आज्ञाधारक निघाली. ती खरंच दुसरीकडे बघू लागली.

लग्नाच्या मांडवात, डुक्कर भट्टीतून बाहेर काढत असतानाच मालकीणबाईंचा फोन आला.

“काय रे फेटू, काम करत होतास? म्हणजे सोडलंस वाटतं! मला कुणी सांगितलंच नाही. निरोपाचा हार कुठे पाठवू?”

“सिनाताई, चुकलं. मला म्हणायचं होतं की...”

“म्हणायचं काय होतं ते कळलं. आणि गिऱ्हाइकांना ‘दुसरीकडे बघा’? वा, काय तो पाहुणचार! घे लिहून.”

हात तेलकट होते, तरी फेटूने फोनवरच ओळ बदलली: ‘मी शुक्रवारपर्यंत रजेवर आहे, तातडीचं काम असल्यास कृपया दुकानात सिना यांना फोन करावा, अन्यथा मी सोमवारी आपल्याला नक्की उत्तर देईन.’

“आता कसं माणसासारखं वाटतं,” ताई म्हणाल्या.

संध्याकाळी समोरच्या दुकानाच्या मालकाने फेटूला ईमेल केला, ‘काम सोडलंत असं ऐकलं, आमच्याकडे याल का?’ त्यालाही आपोआप तेच सभ्य उत्तर गेलं. सोमवारी फेटू कामावर आला, तेव्हा सिनाताईंनी स्वतः त्याला खुर्ची पुढे केली.

“बसा हो फेटू. समोरच्याचा फोन आला होता. तातडीचं काम होतं म्हणे.”