लालीच्या कडेनं रेघ

आमच्या गल्लीत शिंपी दोन होते, पण मास्तर म्हटलं की एकच. दुसऱ्याला नुसतं टेलर म्हणायचे. मास्तरांचं दुकान म्हणजे एक खोली, एक फळी, पायानं चालवायचं एक काळं मशीन आणि भिंतीवर टांगलेले कागदी साचे. माणूस उंचापुरा, बोलायला बेताचा, पण टोमणा मारायला बसला की सुईपेक्षा बारीक. पोराचं माप द्यायला आलेल्या आईनं "जरा अंगाला येऊ द्या" असं म्हटलं तर ते फक्त मान हलवायचे. पण ते कधी अंगाला येऊ द्यायचेच नाहीत. बाहीच्या आत, घेराच्या खाली, कुशीच्या शिवणीत, जिथं म्हणून हात पोचेल तिथं दोन बोटं कापड जास्तीचं दुमडून ठेवायचे. त्याला ते माया म्हणायचे. मायेशिवाय कापड कापणं म्हणजे त्यांच्या लेखी उघड्यावर संसार थाटणं. गल्लीनं त्यांचं नावच वाढीव मास्तर ठेवलं होतं. पण आमच्या सगळ्यांची शाळा त्याच मायेवर निघाली. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी आया उसवण्याची कात्री घेऊन बसायच्या, आणि त्याच फ्रॉकमधून आणखी एक इयत्ता बाहेर यायची. उसवलेल्या जागी कापड नव्या रंगाचं असायचं. कुणाच्या फ्रॉकला किती गडद पट्टे आहेत त्यावरून ती कोणत्या इयत्तेपासून तो घालतेय ते कळायचं.

त्यातलीच एक मुलगी म्हणजे कोपऱ्यावरच्या जुन्या डॉक्टरांची लेक. तिच्या फ्रॉकला गल्लीत सगळ्यांत जास्त पट्टे, कारण डॉक्टरांचा हात सढळ होता तो फक्त रोग्यांसाठी. पुढं ती शिकली, बापाच्याच दवाखान्यात बसली, आणि बाप गेल्यावर खुर्चीही तिची झाली. गल्ली तिला छोट्या डॉक्टरीणबाई म्हणते. केस पांढरे व्हायला लागले तरी छोट्याच.

काही वर्षांपूर्वी मास्तरांच्या डाव्या नडगीला मशीनच्या लोखंडी पायपट्टीची धार लागली. खरचटलं इतकंच. मास्तरांनी त्यावर कापडाची चिंधी बांधली आणि काम सुरू ठेवलं. दुसऱ्या दिवशी नडगी लाल झाली, तिसऱ्या सकाळी सुजली, हात लावला तर गरम. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, तेल गरम करायला घेतलं. मास्तर म्हणाले, आधी छोटीला विचार, नाहीतर ती माझ्यापेक्षा तुझ्यावर जास्त ओरडेल.

दवाखान्याचा तो सुट्टीचा दिवस. डॉक्टरीणबाईंनी घरूनच फोन घेतला. कधीपासून, कशानं लागलं, थंडी वाजली का, ताप मोजला का, साखरेचा आजार आहे का, कोणत्या औषधानं कधी अंगावर उठलंय का, सगळं विचारलं. धनुर्वाताचं इंजेक्शन मास्तरांनी आदल्याच वर्षी घेतलं होतं, सुई बोटातून आरपार गेली तेव्हा. मग काकूंनी पायाचा फोटो पाठवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्वचेखाली जंतू पसरतायत, घाबरण्यासारखं आत्ता काही नाही, पण हलकंही घ्यायचं नाही. लिहून पाठवते, काकू, तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा आणि त्यांना ऐकू द्या.

थोड्या वेळानं फोनवर कागद आला. काकूंनी चष्मा लावला आणि बातम्या वाचतात तशा वाचल्या.

"फोनवरून सल्ला. फोटो पाहिला. डाव्या नडगीवर लाली, सूज, दुखणं, ताप नाही. त्वचेखालचा जंतुसंसर्ग असावा.

सेफॅलेक्सिन पाचशे मिलिग्रॅम, एक कॅप्सूल, दर सहा तासांनी, दिवसातून चार वेळा, पाच दिवस. बरं वाटलं तरी मध्येच थांबवू नये.

पॅरासिटामॉल पाचशे, एक गोळी, दुखलं किंवा ताप आला तरच. दोन गोळ्यांमध्ये सहा तास. दिवसात चारच्या वर नाही.

पाय उशीवर उंच ठेवून पडावं. मशीन बंद. शेक, चोळणं, लेप नको.

लालीच्या कडेनं पेननं रेघ मारावी. उद्या सकाळी बघून मला फोन करावा. लाली रेघेच्या बाहेर गेली, थंडी वाजून ताप आला, फोड आले, पाय काळा-निळा पडला किंवा दुखणं सोसेना, तर वाट न बघता त्याच दिवशी यावं.

यातलं काही नसलं तरी परवा सकाळी दवाखान्यात येऊन पाय दाखवावा."

मशीन बंद या दोन शब्दांवर मास्तरांनी डोळे मिटले. दुकान बंद ठेवायची त्यांना सवय नव्हती. पण त्या पोरीच्या बापानं सांगितलेलं त्यांनी कधी मोडलं नव्हतं, तिचं कसं मोडणार. औषधवाल्याकडून कॅप्सूल आणल्या, पहिली लगेच घेतली, आणि मग ते रेघ मारायला बसले.

हे काम त्यांना आवडलं. अंथरुणावर पडून करण्यासारखं, तरी धंद्यातलं. त्यांनी नेहमीचा खडू घेतला, पाय खिडकीकडे वळवला, आणि नडगीभोवती गोलाईनं रेघ ओढली. काकू म्हणाल्या, अहो, ती पुसली जाईल, पेननं मारा असं लिहिलंय. मग मास्तरांनी खडूच्या रेघेवरून निळं बॉलपेन फिरवलं. पाठीमागच्या पोटरीवर दिसेना, तिथं काकूंनी मारली. "वाकडी मारलीस," असं मास्तर म्हणाले. काकू म्हणाल्या, "मग पायाला आणखी एक डोळा लावून घ्या." पण एकंदरीत रेघ देखणी झाली होती. कॉलर कापायला घ्यावी अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांना अंग जड वाटत होतं. पडून राहिल्यानं, असं त्यांनी ठरवलं. काकूंनी पाय उघडा करून बघितला. लाली होती, पण निळ्या रेघेच्या आतच होती. सगळीकडून रेघेपर्यंत भरली होती, बाहेर मात्र टिपूसही नाही. त्यांनी फोन लावला.

"रेघ ओलांडली नाही गं," मास्तर म्हणाले. "तुझं औषध लागू पडलं."

डॉक्टरीणबाईंना बरं वाटलं. बाहेर बाकांवर रोगी खोळंबले होते. ठरल्याप्रमाणे उद्या सकाळी या, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. पुढच्या रोग्याला तपासायला हात धुतले, आणि अंगावरच्या पांढऱ्या कोटाची बाही वर सारली. ती बाही मास्तरांनी शिवलेली. आतलं दुमडलेलं कापड दोन बोटं, दुमडलं की जाड व्हायचं आणि मनगटावर चढायचंच नाही. दर वेळी त्या मनात मास्तरांना चार शब्द सुनावायच्या. काका, माझी वाढ कधीच थांबली, आता तरी माया कापा. आणि मास्तर एकदा म्हणाले होते, कोट धुतल्यावर आखडेल तेव्हा माझी आठवण येईल.

हात ओले तसेच ठेवून त्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी मोबाइल उघडला. कालचा फोटो होता, रेघ मारायच्या आधीचा. त्यात लाली नडगीवरच्या तिळाच्या बोटभर खाली संपत होती. त्यांनी काकूंना आजचा फोटो मागितला. आजच्या फोटोत तीळ लालीत बुडाला होता. आणि रेघ तिळाच्या बोटभर वर, सुबक, निळी, निर्धास्त.

त्यांनी परत फोन लावला. सावकाश विचारलं, "काका, रेघ कुठं मारलीत? लालीला चिकटून, की माया सोडून?"

मास्तरांच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं.

"अगं, माया सोडल्याशिवाय रेघ मारायची कशी?"

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. जे असेल त्या कपड्यात, रिक्षा करून, आत्ता या, एवढंच सांगितलं. काकूंनी रिक्षाला हाक मारली. त्या मास्तरांना म्हणाल्या, आयुष्यभर लोकांना वाढवून दिलंत, आता रोगालाही दिलंत. मास्तरांना कापताना चूक झाल्याची भावना पहिल्यांदाच होत होती आणि ती पायातल्या ठणक्यापेक्षा वाईट होती.

दवाखान्यात ताप निघाला. मास्तरांनी जडपणा म्हटलेला तो हाच. डॉक्टरीणबाईंनी पाय हातात घेऊन पाहिला, पाऊल गरम आहे ना, नाडी लागते ना, फोड नाहीत ना. मग बॉलपेन काढलं आणि स्वतः नवी रेघ मारली, लालीला अगदी खेटून, शेजारी वेळ लिहिली. मास्तर ती रेघ बघत राहिले. ही वाढीला जागाच न ठेवणारी रेघ त्यांना उघडी वाटत होती. त्यांनी हळूच विचारलं, "पाय राहील ना गं? मशीन पायाचं आहे."

"राहील," त्या म्हणाल्या. "पण आता पोटातलं औषध पुरणार नाही. शिरेतून द्यावं लागेल. मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी देते, ते दाखल करून घेतील."

त्यांनी चिठ्ठीत सगळं लिहिलं. काय दिलं, कधी सुरू केलं, लाली कुठून कुठवर गेली, ताप किती. मास्तरांना दाखल केलं, शिरेतून औषध सुरू झालं. पुढच्या दिवशी लाली नव्या रेघेशी घुटमळली, त्याच्या पुढच्या दिवशी आत सरकली. मास्तर तिथल्या परिचारिकेला दर वेळी सांगायचे, ही रेघ आमच्या छोटीनं मारलीय, हात सुरेख आहे पण हिशेब फार काटेकोर.

घरी सोडताना पुन्हा कॅप्सूल आल्या, पुन्हा पाय उशीवर. ठरलेल्या दिवशी मास्तर आणि काकू दवाखान्यात गेले, कुणी आठवण न करता, औषध संपायच्या आतच. पायाची सूज उतरली होती, कातडी सुरकुतली होती, निळी रेघ आंघोळींनी फिकी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिला आणि मशीन चालवायला परवानगी दिली. सुरुवातीला थोडा वेळच, मध्ये उठून फिरायचं, नडगीवर जाड मोजा.

मास्तर खुर्चीतून उठताना डॉक्टरीणबाईंच्या बाहीकडे बघून म्हणाले, कोट आण उद्या, बाहीचं दुमडलेलं कापून देतो. डॉक्टरीणबाईंनी बाही मागं ओढली. म्हणाल्या, राहू द्या. त्यानंच तुमचा पाय वाचवलाय.

जुने डॉक्टर असते तर दोघांना रागावले असते, असं काकू वाटेत म्हणाल्या. मास्तर म्हणाले, नाही. त्यांनी मी शिवलेला आपला सदरा उलटून आतली माया दाखवली असती.

आता मास्तर नाहीत. गेले ते वयानं, झोपेत, दोन्ही पाय धड असताना. मशीन खोलीत आहे, काकू अधूनमधून त्यावर हात फिरवतात. डॉक्टरीणबाईंच्या फोनवरच्या सल्ल्यात मात्र त्या दिवसापासून एक ओळ बदलली, ती अजून तशीच येते. लालीला अगदी चिकटून रेघ मारावी, माया सोडू नये. नव्या रोग्यांना ती वाचून नवल वाटतं, काहीजण दवाखान्यात विचारतातही, ही माया म्हणजे काय. त्या तेव्हा कोटाच्या बाहीची दुमड उलटून दाखवतात. आत अजून नव्या रंगाचं कापड आहे, कधीच न उसवलेलं.