मेथीच्या पाटीतली ऊब

परभणीला कचेरीसमोरच्या गल्लीत माझी टायपिंगची खोली होती. मराठीचं एक मशीन, इंग्रजीची दोन, आणि खिडकीत पाण्याचा माठ. अर्ज, करारनामे, शाळांचे अहवाल माझ्याकडे यायचे. विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूची निवेदनं माझ्याच मशीनवर टाइप व्हायची आणि विरोधातलीही. दोन्हीकडचे लोक एकाच बाकावर बसून आपापल्या प्रती तपासायचे. बोटं चालत राहायची, डोकं कुठंतरी दुसरीकडे असायचं. त्या वर्षांतल्या दुपारी आठवायला गेले की त्या एकमेकींत मिसळतात. चुना लावलेली भिंत, तिच्यावर सरकणारं ऊन, आणि मशीनच्या कळांचा आवाज.

त्यातली एकच दुपार वेगळी राहिली आहे. शेतकी इंजिनिअरिंग शिकलेला एक तरुण कागदांची गुंडाळी घेऊन आला. शर्टाच्या खिशात दोन पेनं, चेहरा उन्हानं रापलेला. भाजीपाला सडू नये म्हणून त्याला परभणीत थंड गोदाम बांधायचं होतं, आणि गोदामापासून मोठ्या शहरांपर्यंत भाजी थंडच न्यायची होती. या सगळ्याला तो ‘शीतसाखळी’ म्हणायचा. कंपनी काढायला भांडवल हवं होतं. सेलूचे एक जिनिंगवाले शेठ आणि त्यांचे दोन स्नेही पैसे घालायचा विचार करत होते. त्यांच्यापुढं ठेवायचा अहवाल मी टाइप करायचा होता.

“ताई, पहिला परिच्छेद नीट लिहा,” तो म्हणाला. “अडचण काय आहे ते त्यात आहे. तो वाचूनच शेठ पुढचं पान उलटणार.”

मी कागद लावला. ‘भारत हा कृषिप्रधान देश असून येथे दरवर्षी प्रचंड प्रमाणात भाजीपाल्याची नासाडी होते. शास्त्रोक्त साठवणुकीच्या अभावी राष्ट्रीय संपत्तीचा ऱ्हास...’ पुढं टक्क्यांचा आकडा लिहायला जागा मोकळी सोडली होती.

“आकडा?”

“एका मासिकात वाचला होता. शोधून सांगतो.”

चार दिवसांनी तो तोच परिच्छेद नव्यानं लिहून घेऊन आला, मग तिसऱ्यांदा. प्रत्येकात देश होता, राष्ट्र होतं, भाजी मात्र कुठं नव्हती. माझं आजोळ पोखर्णीचं, गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या भागातलं. नरसिंहाच्या देवळामागच्या मळ्यात मी लहानपणी मेथीच्या जुड्या बांधल्या होत्या. शेवटी न राहवून मी म्हणाले, “यातली कोणती भाजी सडते? कुणाची? कुठं पोचेपर्यंत?”

तो प्रामाणिकपणे म्हणाला, “मला यंत्रं माहीत आहेत, ताई. भाजी बाजारात बघितली तेवढीच.”

“मग माझ्या मामीकडं चला.”

फाल्गुन संपत आला होता. पोखर्णीला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं, तरी जमिनीतून झळ वर येत होती. लांबची झाडं पाण्यात उभी असल्यासारखी हलत होती. मामी मेथी उपटत होती. तिच्याबरोबर वाड्यातल्या दोघी बाया. पाहुणा बघून मामीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण हात थांबवले नाहीत.

“संध्याकाळीच का उपटता? सकाळी गार असताना का नाही?” त्यानं विचारलं.

“सकाळी उपटायला बसलं तर टेम्पो कवा गाठायचा? हर्राशी तर दिवस उगवताच सुरू व्हती. आमी आता भरून ठिवतो, टेम्पो पहाटं येतो.”

हर्राशी म्हणजे परभणीच्या भाजीबाजारातला सकाळचा लिलाव. तिथं उशिरा पोचलेल्या पाटीला गिऱ्हाईक नसतं. जुड्या पाटीत दाबून बसवल्या, वर ओलं पोतं टाकलं आणि मामीनं तांब्याभर पाणी शिंपडलं.

“पाणी कशाला मारता?”

“वरून हिरवं दिसतंय. आतलं कुनाला दिसतंय, बाबा? आतली लय तापती.”

त्यानं पाटीत हात घातला. मनगट आत गेलं, मग कोपर. तो हात तसाच ठेवून बराच वेळ उकिडवा बसला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. अंधारून यायलं होतं, विहिरीवरच्या मोटेच्या जुन्या थारोळ्यावर चिमण्या गोळा झाल्या होत्या, आणि हा माणूस जणू कुणाची नाडी बघत होता.

“उपटल्यावर भाजी मेली असं आपण समजतो,” तो हळू म्हणाला. “ती जिवंतच असते. श्वास घेत असते, त्यातून उष्णता निघते. दिवसभराचं ऊन अंगात घेऊन ही इथं दाटीत बसली. वारा नाही. जितकी तापेल तितका श्वास वाढतो, आणि जितका श्वास वाढतो तितकी तापते.”

“तेच म्हनायले की मी,” मामी म्हणाली.

आम्ही पुढचे तीन आठवडे पाटीमागं हिंडलो. तो टेम्पोतून यायचा, मी बाजारात उभी राहायचे. पाटी उघडली की मधल्या जुड्या वेगळ्या काढायच्या. पिवळ्या किती, कुजक्या किती, ते एका वहीत लिहायचं. हर्राशी लवकर उरकली त्या दिवशी फार काही जायचं नाही. पण माल उरला, किंवा व्यापाऱ्यानं तो पुढं औरंगाबादला ट्रकनं धाडायचा म्हणून दुपारपर्यंत ठेवला, की पाटीचं पोट काळं निघायचं. एकदा नामांतराचा बंद होता. बाजार उघडलाच नाही, पहाटे उतरवलेल्या पाट्या फाटकाशीच पडून राहिल्या. संध्याकाळी त्या रिकाम्या ओट्यांवर मेथीचा गोडसर, कुबट वास भरून राहिला होता.

मग एका दुपारी माझ्या खोलीत बसून आम्ही परिच्छेद लिहिला. तो सांगायचा, मी टाइप करायचे, मी थांबले की तो खोडायचा. देश गेला, राष्ट्र गेलं, मासिकातला आकडाही गेला. उरलं ते असं:

‘पोखर्णी आणि आसपासच्या गावांतली भाजी संध्याकाळी काढली जाते. तेव्हा ती उन्हानं तापलेली असते. तशीच ती पाटीत दाबून भरतात, आणि विकली जाईपर्यंत ती आतल्या आत आणखी तापत जाते. शेतकरी वर पाणी मारतो. त्यानं वरची जुडी टवटवीत दिसते, मधली कुजते. बाजार लांबला, माल पुढच्या शहराला निघाला किंवा बंद पुकारला गेला, तर पाटीचा मधला भाग फेकावा लागतो. काढल्यापासून पहिल्या काही तासांत भाजीतलं ऊन उतरवण्याची सोय या भागात कुठंही नाही.’

वाचून तो म्हणाला, “एवढंच?”

“एवढंच आहे,” मी म्हणाले.

सेलूला आम्ही सकाळच्या गाडीनं गेलो. सोबत मामीनं आदल्या संध्याकाळी भरलेली एक पाटी होती. डब्यात लोक तिच्याकडे आणि आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते. जिनिंगच्या आवारात सरकीचा वास होता. हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, उन्हाच्या पट्ट्यात आले की चमकायचे आणि नाहीसे व्हायचे. आत गादीवर शेठ बसले होते, शेजारी कापडवाले आणि एक डॉक्टर.

शेठनी चष्मा लावून परिच्छेद वाचला. पुन्हा वाचला. पान उलटलं नाही.

“पाटी इकडं आणा,” ते म्हणाले.

त्यांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि हात खोल आत घातला. कापडवाले हसायला लागले. शेठ हसले नाहीत.

“गरम हाय,” ते म्हणाले. “ओल्या कपाशीची गंजी अशीच तापते. वरून काही कळत नाही. आमचा माणूस रोज आत हात घालून बघतो. न्हाई बघितलं तर रुई पिवळी पडते, कधी धूर निघतो.” मग त्यांनी नकाशाचं पान काढलं. “इंजिनिअरसाब, तुम्ही म्हणता पहिल्या काही तासांतच बिघडतं. मग हे गोदाम परभणीला कशाला? तिथं पोचेपर्यंत तर रात गेली.”

बाहेरची यंत्रं एका लयीत चालू होती. त्या गोदामाच्या नकाशावर त्यानं दीड वर्ष घालवलं होतं. परिच्छेद आम्ही खरा लिहिला होता आणि त्या खरेपणानंच पुढची सगळी पानं खोटी ठरवली होती. हे आम्हाला दोघांनाही दिसलं नव्हतं.

तो काहीतरी बचाव करेल असं मला वाटलं. त्यानं नकाशा उचलून त्याची घडी घातली.

“बरोबर आहे तुमचं,” तो म्हणाला. “परभणीला नको. गावातच एक खोली हवी. साठवायला नव्हे, ऊन उतरवायला.”

“मग ते लिहून आणा,” शेठ म्हणाले. “आज मी काही देत नाही.”

परतताना गाडीत तो खिडकीशी बसला होता. मला वाटलं खचला असेल. पण मानवत रोड गेल्यावर तो स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, “मेथीला जितकी थंडी लागते तितकीत वांगी, भेंडी डागाळतात. मधे भिंत घालावी लागेल, ताई. दोन कप्पे.” बाहेर पिकं निघालेली काळी रानं सरकत होती. कितीतरी वेळ आम्ही त्या न बांधलेल्या खोलीतच होतो.

दुसऱ्या अहवालात परिच्छेद तसाच ठेवला, एक अक्षर न बदलता. मागची पानं सगळी नवी. शेठ आणि डॉक्टर तयार झाले, कापडवाले झाले नाहीत. मामाच्या शेताच्या कडेला थर्माकोल लावलेल्या भिंतींची खोली उठली. भाजीतून जोरानं थंड हवा खेचणारा पंखा, हवा कोरडी पडू नये म्हणून पाण्याची सोय, वीज जायची म्हणून डिझेलचं इंजिन. दाबून भरायच्या पाट्या बंद करून फटींचे लाकडी खोके आणले. त्यावर मामीचं त्याच्याशी कडाक्याचं भांडण झालं, कारण खोक्यात जुड्या कमी बसत होत्या. पहिल्या आठवड्यात औरंगाबादच्या व्यापाऱ्यानं खोका तळापर्यंत उपसून पाहिला आणि सगळा माल ठेवून घेतला, तेव्हा तिनं भांडण सोडलं.

कंपनी मोठी काही झाली नाही. ट्रक थंड नव्हता तो नव्हताच, शीतसाखळीची एकच कडी आमच्याकडून झाली. इंजिन वरचेवर बंद पडायचं. काही वर्षांनी नाशकाकडच्या द्राक्षवाल्यांनी अशाच कामासाठी त्याला बोलावलं आणि तो गेला. खोली गावच्या पोरांनी त्यानंतरही काही उन्हाळे चालवली. मला अजून ती ऐन वैशाखातली दिसते. भाजी आत लावायला दार उघडायचं आणि गार हवा जमिनीसरशी बाहेर यायची. बाया खोके ठेवून उगीच तिथं रेंगाळायच्या. एकदा मामी डोळे मिटून दारात उभी राहिली. पदर वाऱ्यानं हलत होता, हात मातीनं भरलेले.

“मामी, दार लावा की, थंडी जायली,” मी म्हणाले.

“थांब गं जरा,” ती डोळे न उघडता म्हणाली. “गंगेच्या काठाला हाय मी.”