पडद्यावर y खाली वाढतो

नागभीडच्या एका कॉलेजात मी गणित शिकवतो. संगणकाची लॅब माझ्या गळ्यात पडली, कारण दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. एका वर्षी जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी मुलांकडून छोटे गेम करून घ्यायचे होते. कॉलेजातून एकच गेम जाणार होता आणि निवडणारा मी. तिथे ज्याचा गेम आवडेल त्याला नागपूरला उन्हाळ्याच्या सुट्टीतलं संगणकाचं शिक्षण फुकट मिळणार होतं.

एका मुलीने खळ्यावरचा गेम केला होता. मधे खांब, त्याच्याभोवती गोल फिरणारा बैल. खेळणाऱ्याची कोंबडी, तिने बैलाच्या पायाखाली न येता धानाचे दाणे टिपायचे. बैल फिरवायला तिने दोन ओळी लिहिल्या होत्या. x म्हणजे खांबाचा x, अधिक त्रिज्या गुणिले cos वेळ. y म्हणजे खांबाचा y, अधिक त्रिज्या गुणिले sin वेळ. वेळ सेकंदांत पुढे सरकत राहते, बैल चालत राहतो. सव्वासहा सेकंदांच्या जरा वर त्याची एक फेरी पुरी. काम सुरेख होतं. माझ्या लगेच लक्षात आलं.

पण बैल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत होता.

वीस वर्षं मी फळ्यावर कोन उलट्या दिशेने वाढवत आलो होतो. उजवीकडून सुरू, मग वर. मी म्हणालो, "चिन्ह चुकलंय. सूत्र कुठूनतरी उतरवलंस, समजून घेतलं नाहीस."

"नाई सर, उतरवलं नाई," ती म्हणाली. "वेळ शून्य असते तवा बैल खांबाच्या उजव्या हाताले. मंग sin वाढते, म्हणून y वाढते. पडद्यावर y खाली वाढते न सर. म्हणून बैल खाली जाते."

"y खाली वाढतो? कोणत्या पुस्तकात?"

मागून कोणीतरी बोललं, "सर, तिच्या घरचा बैलच उलटा असन!" वर्ग हसला. मीही हसलो.

ती हसली नाही. "sin च्या आधी वजा लावला तर तुमच्यासारखा फिरन सर," एवढंच बोलून खाली बसली. मी वहीत तिच्या गेमपुढे लिहिलं, 'मूळ संकल्पना चुकीची.'

दुपारी मुलं गेल्यावर लॅब सांभाळणारे भाऊ खुर्च्या लावत होते. मी तिच्याच संगणकावर बसलो. एक ठिपका काढला, x शून्य, y शून्य. तो डाव्या वरच्या कोपऱ्यात उमटला. y शंभर केला. ठिपका खाली सरकला. दोनशे केला. आणखी खाली.

भाऊ म्हणाले, "काऊन सर, बिघडलं का?"

"नाही. बरोबर आहे," मी म्हणालो.

निवडीचं पत्र पाच वाजेपर्यंत पाठवायचं होतं. त्यात दुसऱ्याचा प्रश्नमंजुषेचा गेम लिहिला होता, साधाच होता. एक नाव खोडून दुसरं लिहायला मिनिटही लागलं नसतं. पण मग दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावं लागलं असतं की काल हसलो ती माझी चूक होती. मी पत्र तसंच पाठवलं. त्या दिवसानंतर ती लॅबमध्ये फक्त हजेरीपुरती येऊ लागली.

त्यानंतरच्या प्रत्येक तुकडीला मी फळ्यावर मोठा चौकोन काढून समजावतो, "बघा, पडद्यावर y खाली वाढतो, म्हणून साधं cos-sin लिहिलं की आपलं पात्र काट्यांच्या दिशेने फिरतं." मुलं माना डोलावतात. जणू हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. हे वाक्य मी तिचंच बोलतो आहे, हे कोणालाच माहीत नसतं.

ती आता कुरखेड्याच्या एका शाळेत गणित शिकवते. मागच्या महिन्यात तिचा नंबर मिळाला. फोन केला. आधी धानपिकाचं, पावसाचं बोलून घेतलं. मग एकदाचं म्हणून टाकलं, "त्या बैलाचं तू बरोबर होतीस."

"मले माहीत होतं सर," ती म्हणाली. "मी घरी पुन्हा चालवून पाह्यलं होतं."

"माझी चूक झाली. मला तेव्हा ते कळलं नव्हतं."

तिच्या मागे शाळेच्या मैदानातला गलका ऐकू येत होता.

"मंग कवा कळलं सर? पत्र गेल्यावर का त्याच्या आधी?"

'नंतर' म्हणालो असतो तर गोष्ट तिथेच मिटली असती. न कळणाऱ्या मास्तरला माणसं माफ करतात. मी तो शब्द तोंडात घोळवलाही.

"आधी," मी म्हणालो. "त्याच दुपारी."

"हं," ती म्हणाली. मी फोन ठेवला नाही. तिने ठेवेपर्यंत कानाशी धरून बसलो.