चौसष्टात सोळा

बाहेरची परीक्षक म्हणून मी तोंडी परीक्षेला आले की मुलं धास्तावायची. मला ते ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोलू, आवडायचंही. माझी एक खोड होती. उत्तर बरोबर आलं तरी मान डोलवायची नाही. कपाळाला आठ्या घालून विचारायचं, "खात्री आहे?" समजून आलेला टिकेल, पाठ करून आलेला कोलमडेल, अशी माझी समजूत.

दोन वर्षांपूर्वी नाशिकमधल्या एका कॉलेजात एमएस्सीच्या प्रोजेक्टची परीक्षा होती. निफाडकडची एक मुलगी आत आली. तिचा विषय सांत फील्ड. फील्ड म्हणजे असा संच, ज्यात बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि शून्य सोडून कशानंही भागाकार, सगळं आतल्या आत होतं. घटक मोजके असले तर ते सांत. त्याच्या पोटात त्याच नियमांनी चालणारं लहान फील्ड असलं तर ते सबफील्ड.

मी विचारलं, "चौसष्ट घटकांच्या फील्डमध्ये सोळा घटकांचं सबफील्ड असतं का?"

"नाही मॅडम."

बरोबर होतं. मी आठ्या घातल्या. "खात्री आहे? चौसष्टला सोळानं पूर्ण भाग जातो की!"

ती गडबडली. तिनं आपल्या गाइड सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग... असेल मॅडम."

"असेल की आहे?"

"आहे."

"जा," म्हटलं, आणि तिच्या नावापुढे पेन्सिलीनं नापासाचे मार्क टाकले.

चहा आला तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, एका क्लासनं तिला जूनपासून शिकवायला घ्यायचं ठरवलंय. अट एकच, एमएस्सी पूर्ण हवी. आज नापास झाली तर ती जागा गेली."

"मग सोळा आहे म्हणायला तिला कुणी सांगितलं होतं?"

"तुम्ही."

माझं डोकंच फिरलं. "मी नुसता प्रश्न विचारला!"

"तुम्ही भाग जातो म्हणालात. बाहेरून आलेल्या मॅडम मुद्दाम चुकीच्या वाटेला लावतील, हे तिला कसं कळावं? आणि आमच्या वर्गात मोठ्यांशी वाद घालायला आम्ही तरी कधी शिकवलं?"

माणूस शांतपणे बोलत होता, म्हणून जास्तच झोंबलं. मी चहा तसाच ठेवला आणि तिला परत बोलावलं. नळावर तोंड धुऊन आली होती बिचारी, डोळे लाल होते.

"खडू घे," मी म्हटलं. "सोळाचं काय ते फळ्यावर दाखव. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही."

ती लिहायला लागली ती थांबलीच नाही. "सबफील्डमध्ये क्यू घटक आहेत असं समजू. मग मोठ्या फील्डमधले काही घटक, समजा के इतके, असे निवडता येतात की त्यांना सबफील्डमधल्या घटकांनी गुणून, बेरीज करून बाकीचा प्रत्येक घटक एकाच रीतीनं मिळतो. प्रत्येक ठिकाणी गुणायला क्यू पर्याय. म्हणजे क्यू स्वतःशी के वेळा गुणला की चौसष्ट व्हायला हवेत. सोळा एकदा घेतला तर सोळाच, दोनदा घेतला तर दोनशे छप्पन्न. मधे चौसष्ट येतच नाही."

मग तिनं चौसष्ट म्हणजे दोनाचा सहावा घात असं लिहिलं. "भाग बघायचा तो या सहाचा. सोळा म्हणजे दोनाचा चौथा घात, आणि सहाला चारानं भाग जात नाही. सहाचे भाजक एक, दोन, तीन, सहा. म्हणून सबफील्ड दोन, चार, आठ आणि चौसष्टचीच."

मी गप्प राहणार होते, पण राहवलं नाही. "भाजक आहे म्हणून सबफील्ड असेलच, हे कशावरून?"

"आठचं दाखवते. ज्यांचा आठवा घात स्वतःइतकाच येतो ते घटक गोळा करायचे. इथे कुठलाही घटक स्वतःतच मिळवला की शून्य होतं, म्हणून बेरजेचा आठवा घात म्हणजे आठव्या घातांची बेरीज. त्यामुळे बेरीज, गुणाकार, भागाकार, सगळं त्यांच्यातच राहतं. शून्य सोडून त्रेसष्ट घटक, ते सगळे एकाच घटकाचे घात. त्रेसष्टला सातानं भाग जातो, म्हणून त्यांतले बरोबर सात आपल्या अटीत बसतात. शून्य धरून आठ. आठ घटकांच्या कुठल्याही सबफील्डला हेच समीकरण लागू, आणि त्याला आठाहून जास्त उत्तरं नसतात. म्हणून आठचं दुसरं सबफील्ड नाहीच."

मी पेन्सिलीचे मार्क खोडले आणि पेनानं पासाचे लिहिले, चांगले भरघोस. सरांनी सुस्कारा टाकला. मलाही फार बरं वाटलं.

ती दारापर्यंत गेली आणि वळली. "मॅडम, मी पहिल्यांदा नाही म्हणाले तेही बरोबरच होतं ना?"

"हो."

"तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"मी शिकवायला लागले ना मॅडम, की बरोबरला बरोबर म्हणेन," ती म्हणाली आणि निघून गेली. मला तिला रागावताही आलं नाही.